'देअर इज' की 'देअर आर': यादीतलं कोणतं नाम बघायचं?

"देअर इज अ बेड, अ टेबल अँड टू चेअर्स इन द रूम." आठवीतल्या एका मुलीच्या वहीत हे वाक्य लाल शाईने खोडून 'देअर आर' केलेलं पाहिलं. अर्धा गुणही कापला होता. मला ही दुरुस्ती मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

दुरुस्तीमागचं गणित आपल्या सगळ्यांना पाठ आहे. 'अँड'ने नामं जोडली की कर्ता अनेकवचनी. पलंग, टेबल आणि दोन खुर्च्या, म्हणजे चार वस्तू, म्हणजे 'आर'. कर्ता आधी आला तर हा नियम बिनचूक लागू पडतो. "अ बेड, अ टेबल अँड टू चेअर्स आर इन द रूम" या वाक्यात 'इज' कोणीच म्हणणार नाही.

पण 'देअर'ने सुरुवात झाली की क्रम फिरतो. क्रियापद आधी येतं आणि यादी मागून. बोलणारा क्रियापद उच्चारतो तेव्हा त्याच्यापुढे पहिलंच नाम असतं, 'अ बेड'. खुर्च्या अजून लांब आहेत. म्हणून इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती माणसं इथे सर्रास 'इज' म्हणतात, आणि तसं लिहितातही. 'देअर आर अ बेड...' एकदा मोठ्याने म्हणून बघा. 'आर'ला चिकटून लगेच 'अ' येतो आणि वाक्य तिथेच अडखळतं.

ही काही गावठी सूट नाही. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली इंग्रजीचं जे मोठं व्याकरण लिहिलं, त्यात क्रियापदाचं वचन ठरण्यामागे तीन तत्त्वं सांगितली आहेत: नामाचं व्याकरणिक वचन, मनातला अर्थ आणि जवळीक. जवळीक म्हणजे क्रियापदाला लागून असलेल्या नामाचा त्याच्यावर पडणारा प्रभाव. 'देअर'च्या यादीत तिसरं तत्त्व पहिल्यावर मात करतं, एवढंच.

खरं तर हे मराठी माणसाला सांगावंच लागू नये. "पिशवीत एक डबा आणि एक बाटली होती." वस्तू दोन, तरी आपण 'होती' म्हणतो. क्रम फिरवा: "पिशवीत एक बाटली आणि एक डबा होता." वस्तू त्याच, पण आता 'होता'. निर्जीव वस्तूंची यादी असली की आपलं क्रियापद जवळच्या नामाचं लिंग-वचन घेतं, आणि यात कोणाला काही खटकत नाही. फरक इतकाच, की मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे जवळचं नाम म्हणजे यादीतलं शेवटचं, तर 'देअर'च्या वाक्यात ते पहिलं. म्हणून मुलांना मी एकच गोष्ट सांगतो: 'देअर' लिहिलंत की यादीचा शेवट बघू नका, 'देअर इज' किंवा 'देअर आर' यांच्या लगेच पुढे काय आहे ते बघा.

यादी उलटी केली तर वादच मिटतो. "देअर आर टू चेअर्स, अ बेड अँड अ टेबल इन द रूम." पहिलं नाम अनेकवचनी, एकूण बेरीजही अनेकवचनी. दोन्ही नियम एकच उत्तर देतात. निबंधात, अर्जात, जिथे तपासणारा कोण आणि कोणत्या मताचा हे माहीत नाही तिथे हाच मार्ग धरा. नाहीतर 'देअर'च सोडा आणि सरळ "द रूम हॅज..." लिहा.

याला मर्यादाही आहे. पहिलं नाम अनेकवचनी असेल तर लिखाणात 'इज' चालत नाही. "देअर इज टू चेअर्स अँड अ बेड" हे चूकच. बोलताना 'देअर्ज टू चेअर्स' कानावर पडेल, पण ते जोडरूप बोलीत जणू एकच शब्द होऊन गेलंय. ते फोडून कागदावर 'देअर इज टू चेअर्स' लिहिलं की चूक उघडी पडते. "मदतीला कोण आहे?" याला "देअर्ज मीना अँड सुरेश" हे उत्तर मात्र अगदी स्वाभाविक आहे. तिथे माणसं मोजायची नसतात, एकेक नाव सुचवायचं असतं.

"देअर आर अ बेड, अ टेबल..." लिहिणाऱ्यालाही मी चूक म्हणणार नाही. काटेकोर औपचारिक लेखनात बेरजेचा नियम पाळणारे संपादक आहेत आणि त्यांच्यापाशी कारणही आहे. माझी तक्रार फक्त त्या कापलेल्या अर्ध्या गुणाबद्दल आहे. जिथे दोन्ही रूपं चालतात तिथे 'योग्य पर्याय निवडा' असा प्रश्न विचारूच नये. मुलांना हे खरंच येतं का ते तपासायचं असेल, तर रिकाम्या जागेपुढे 'टू चेअर्स अँड अ बेड' द्या. तिथे उत्तर एकच आहे, आणि जी मुलं शेवटचं नाम बघून लिहितात ती लगेच कळतील.