अंगठ्यामागची अमेरिका

स्वस्तात अमेरिकन गिटार घ्यायची असेल, तर जाहिरात रात्री साडेअकरानंतरच बघावी. दिवसा माणूस विचार करतो आणि त्यात सौदा हातचा जातो. ‘फेंडर अमेरिकन स्टँडर्ड स्ट्रॅटोकास्टर, 2012 मॉडेल, 100% ओरिजिनल, कॅनडाला शिफ्ट होतोय, 55,000 फिक्स, नो टाइमपास.’ ठिकाण मीरा रोड. फोटो सहा. धोबी तलावच्या दुकानात नव्या अमेरिकन स्ट्रॅटची किंमत विचारून तुम्ही एकदा गुपचूप मागे फिरलेला आहात, तेव्हा देवानेच ही जाहिरात धाडली असं समजा. देवाने धाडलेल्या गोष्टीचा फोटो मोठा करून बघू नये.

हेडस्टॉककडे, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या असलेल्या डोक्याकडे, तर मुळीच बघू नका. बॉडीकडे बघा; लाल बॉडी, पांढरी प्लेट, डोळ्यांना बरं वाटतं. स्ट्रॅटसारखी बॉडी कुणीही बनवतं. फेंडर कंपनीने त्या आकारावर ट्रेडमार्क मागितला होता, पण 2009 साली अमेरिकेतल्या ट्रेडमार्क मंडळाने तो नाकारला, कारण तोवर इतके लोक तसलीच बॉडी बनवत होते की तो आकार एकट्या फेंडरचा उरलाच नव्हता. हेडस्टॉकचा आकार मात्र फेंडरचाच राहिला. म्हणून प्रामाणिक नक्कल करणारा बॉडी उचलतो आणि डोकं वेगळं कापतो. अप्रामाणिक माणूस डोकंही उचलतो, पण अंदाजपंचे: खालचा गोल गरगरीत होतो, नाहीतर डोक्याच्या बुडाशी तारा टेकतात त्या नटपासून निघणारी वळणदार रेघ मध्येच सरळ होते. खऱ्याचा फोटो शेजारी ठेवला की शाळकरी पोरालाही फरक दिसेल. म्हणून शेजारी काही ठेवू नये.

आपल्या जाहिरातीतलं डोकं तसं बेढब नाही. वळणं बरोबर आहेत. ते फक्त मोठं आहे. फेंडरने स्ट्रॅटला हे मोठं डोकं 1965 च्या शेवटी दिलं आणि 1981 पर्यंत ठेवलं. अमेरिकन स्टँडर्डचं डोकं लहान असतं. मोठं डोकं नवीन काळात कुठे दिसतं? फेंडरच्याच स्वस्त घराण्यात, स्क्वायरच्या अ‍ॅफिनिटी मालिकेत, वर्षानुवर्षं. विक्रेत्याला विचारलंत तर तो म्हणेल, ‘दादा, सेव्हंटीज स्टाइल आहे.’ यावर ‘अच्छा!’ म्हणावं. 2012 च्या स्टँडर्डला सत्तरीतलं डोकं कुठून आलं, हे विचारणं असभ्यपणाचं आहे.

आता लोगो. स्क्वायरचं नाव घासून तिथे ‘फेंडर’ चिकटवायला एक पातळ डिकॅल, म्हणजे पारदर्शक स्टिकर, लागतं, आणि ते कुणालाही मिळतं. ज्याला खात्रीच करून घ्यायची खोड आहे, तो विक्रेत्याकडे खिडकीच्या उजेडात तिरका काढलेला फोटो मागतो. तिरक्या उजेडात अक्षरांभोवती पारदर्शक कागदाची कड चमकते, आणि लोगोच्या आसपासचं लाकूड बाकीच्या डोक्यापेक्षा जास्त तुकतुकीत किंवा जास्त मेलेलं दिसतं, कारण तिथे पॉलिश पेपर फिरलेला असतो. तुम्ही तसा फोटो मागू नका. मागितलात आणि समोरून बाणेदार उत्तर आलं, की ‘डिकॅलची कड जुन्या खऱ्या फेंडरलाही दिसते’, तर पंचाईत होईल, कारण ते खरं आहे. पन्नास-साठच्या दशकात डिकॅल लॅकरच्या वरच लावलेलं असे. फक्त त्यावरून 2012 ची गिटार खरी ठरत नाही, पण इतका वाद रात्री साडेअकराला कोण घालतो?

पाचवा फोटो माझा सर्वात आवडता. हेडस्टॉकची मागची बाजू, आणि सिरियल नंबरच्या सुरुवातीवर विक्रेत्याचा अंगठा. नख वाढलेलं, शेजारी चांदीची अंगठी. अंगठ्याखालून फक्त शेवटचे पाच आकडे डोकावतात. 2010 पासून अमेरिकन बनावटीचा नंबर ‘यूएस’ने सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे, म्हणजे इथे ‘यूएस12’ हवं. इंडोनेशियात बनलेल्या स्क्वायरवर ‘आयसीएस’ असतं. दोन-तीन अक्षरांचा काय तो फरक, आणि नेमका तेवढ्याच जागेवर अंगठा. माणूस किती नेमका असू शकतो!

अंगठा हलवा म्हणण्याऐवजी समोरच्याने दिलेली नेक प्लेट बघून गप्प बसावं. नेक प्लेट म्हणजे मान आणि बॉडी जोडणारी, चार स्क्रूंची चौकोनी पट्टी. तिच्यावर ‘कोरोना, कॅलिफोर्निया’ कोरलेलं आहे, हे सहाव्या फोटोत अगदी स्वच्छ, क्लोजअपमध्ये दिसतं. नंबर झाकलेला आणि प्लेट लख्ख! प्लेटचा मोठेपणा हा की ती स्क्रूड्रायव्हरने पाच मिनिटांत निघते आणि दुसरी बसते. 1976 पर्यंत फेंडरचा नंबर या प्लेटवरच असायचा, त्यामुळे पट्टी हाच पुरावा मानायची सवय जुनी आहे. ती मोडू नका. आणि अंगठा हललाच, खरा ‘यूएस12’ नंबर निघालाच, तरी तो कुठल्या तरी खऱ्या गिटारवरून उतरवलेला असू शकतो, ही शंका तर अजिबात मनात आणू नका.

फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मोजणं हा शुद्ध हलकटपणा. अमेरिकन स्टँडर्डला 22 फ्रेट असतात, अ‍ॅफिनिटीला 21. फोटोत मोजताना चूक होते, म्हणून काही चिकट लोक शेवटचा ठिपका बघतात. तो 21 व्या घरात असतो. त्याच्यापुढे अजून एक रिकामं घर असेल आणि फिंगरबोर्ड छज्ज्यासारखा पांढऱ्या प्लेटवर आलेला असेल, तर 22. ठिपक्यावरच बोर्ड संपला तर 21. जाहिरातीत ठिपक्यावरच संपलाय. बॉडीवर तारा अडकवलेल्या असतात तो ब्रिजही तेच सांगतो: स्टँडर्डचा दोन खांबांवर तोललेला, इथे मात्र पुढच्या कडेला सहा स्क्रू रांगेत उभे. सहा म्हणजे जास्त, जास्त म्हणजे मजबूत, असं समजून पुढे चला.

फ्रेटची टोकं मात्र बघायला हरकत नाही, कारण तिथे मुंबई तुमच्या बाजूने आहे. स्वस्त गिटारीच्या फ्रेटची टोकं धारदार राहतात, वरच्या भागावर आडव्या कानशीच्या रेघा दिसतात, आणि बोर्डाची कड काटकोनात कापलेली असते. 2008 नंतरच्या स्टँडर्डची कड गोलसर घासलेली, त्यामुळे तिच्यावर उजेडाची रेघ मऊ पडते. पण जुलैत इथलं लाकूड फुगतं आणि टोकं आत गेल्यासारखी वाटतात. तेव्हा पावसाळ्यातच खरेदी करावी. पुढे एसीच्या खोलीत लाकूड आकसलं, धातू आकसला नाही, आणि तळहाताला करवत लागली, तर ‘हवामान’ म्हणायचं. ते खोटंही नाही. खरी अमेरिकन गिटारही कोरड्या खोलीत तशीच करते.

मी हे सगळं पाळलं. दादरच्या पुलावर गर्दीत बॅग अर्धी उघडून गिटार बघितली, चार्जिंग संपत आलेल्या मोबाईलवरून पैसे पाठवले, आणि डोंबिवली येईपर्यंत बॅग पुन्हा उघडली नाही. वाजते बरी, हे सांगायला हवं. स्क्वायर म्हणून पंधरा हजारांत घेतली असती, तर शेजाऱ्यांना अभिमानाने दाखवलीही असती.

सध्या मी ती विकतोय. कॅनडाला शिफ्ट होतोय. फोटो काढून झालेत, फक्त अंगठी तेवढी हवी आहे.