चक्र फिरतंय? पान बंद करू नका

«सावधान! ऑनलाइन पेमेंट एका गेटवेवर फेल झालं की 'स्मार्ट राउटिंग' नावाची सिस्टिम तुम्हाला न विचारता दुसऱ्या गेटवेतून पुन्हा पैसे कापते. दोन्ही गेटवे कमिशन खातात म्हणून पहिलं मुद्दाम फेल करतात. पहिले पैसे परत येत नाहीत. चक्र फिरताना दिसलं तर पान ताबडतोब बंद करा आणि नव्याने पेमेंट करा. सर्वांना पाठवा.»

हा मेसेज फोंड्याला माझ्या आत्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर सकाळी आला आणि त्याच रात्री तिला ५२० रुपयांना पडला. पणजीत एका छोट्या बुकिंग साइटच्या पेमेंटचं काम मी सहा वर्षं करतोय. राउटिंगचा कोड रोज हाताखालून जातो. म्हणून राग जास्त आलाय, तो लपवत नाही.

आधी आत्याचं काय झालं ते सांगतो. चवथ झाल्यावर दादरला मुलीकडे जायचं म्हणून ती बसची दोन तिकिटं काढत होती. सीट ५ आणि ६, मिळून २,६०० रुपये. रात्री ९ वाजून १४ मिनिटांनी तिने डेबिट कार्डचा ओटीपी टाकला आणि पानावर चक्र फिरायला लागलं. सकाळचा मेसेज आठवला, तिने पान बंद केलं. पुन्हा साइट उघडली तर ५ आणि ६ घेतलेल्या दिसत होत्या, म्हणून ११ आणि १२ निवडल्या, नवा ओटीपी टाकला आणि पैसे भरले. थोड्या वेळाने बघते तर खात्यातून ५,२०० गेलेले. मला फोन आला, "बाबू, त्या राउटिंगवाल्यांनी दोनदा कापले रे!"

तिला आलेले दोन्ही ईमेल मी पाहिले. दोन वेगळे ऑर्डर क्रमांक, दोन्ही तिकिटं पक्की. पहिलं ९ वाजून १६ मिनिटांनी पक्कं झालं होतं, म्हणजे ओटीपी टाकल्यावर दोन मिनिटांनी. राउटिंग करणाऱ्या सिस्टिमने, म्हणजे राउटरने, दुसरा प्रयत्न केलाच नव्हता. तो आत्याने केला, मेसेजमध्ये सांगितलं होतं म्हणून.

हे कसं होतं ते समजायला गेटवे काय आहे ते आधी कळायला हवं. गेटवेकडे तुमचे पैसे नसतात. दुकानाची साइट तुमची विनंती गेटवेला देते, तिथून ती दुकानाच्या बँकेकडे, मग कार्डच्या नेटवर्ककडे आणि शेवटी तुमच्या बँकेकडे जाते. खात्यातून रक्कम वजा करायची की नाही हे फक्त तुमची बँक ठरवते. पणजीला मांडवी नदीवर तीन पूल आहेत. एकावर गाडी जात नसेल तर दुसऱ्यावरून न्यायची, एवढंच राउटर करतो. म्हापशाला पोचणारी गाडी एकच. कुठल्या बँकेच्या कार्डाला कुठला गेटवे गेल्या काही मिनिटांत नीट चाललाय, याचा हिशेब ठेवून तो पूल निवडतो.

मेसेजचा पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, हे मला मान्य करावं लागतं. राउटर तुम्हाला विचारत नाही. पण न विचारता तो काय करतो? तुम्ही कार्डाचा तपशील भरून 'पे' दाबता, राउटर पहिल्या गेटवेला व्यवहार सुरू करायला सांगतो, आणि तिथून लगेच 'आमची लाइन बंद आहे' असं उत्तर येतं किंवा ओटीपीचं पानच उघडत नाही. अशा वेळी तो गुपचूप दुसऱ्या गेटवेकडे वळतो. तुम्हाला दिसतं ते फक्त ओटीपीचं पान तीन-चार सेकंद उशिरा आलेलं. अजून तुम्ही ओटीपी दिलेलाच नाही. भारतातल्या साइटवर भारतीय कार्डाने पैसे भरताना कार्डाच्या तपशिलाखेरीज ओटीपीसारखी दुसरी ओळख लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २००९ पासून आहे. आधी मंजुरी देऊन ठेवलेले दरमहाचे हप्ते सोडले, तर अशा ओळखीशिवाय तुमची बँक सहसा पैसे सोडत नाही. मग या टप्प्यावर दोन गेटवे असोत की चार, कापणार काय?

ओटीपी चुकला, शिल्लक नाही, कार्ड बंद आहे, अशा कारणांनी पेमेंट फेल झालं तर नीट बांधलेला राउटर दुसरीकडे जातच नाही. कुठल्याही पुलावरून गेलं तरी बँक तीच आणि उत्तरही तेच.

खरी अडचण ओटीपी दिल्यानंतर सुरू होते. तुम्ही ओटीपी टाकला, विनंती बँकेकडे गेली आणि पहिला गेटवे गप्प झाला. 'झालं' म्हणत नाही, 'नाही झालं' असंही म्हणत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे फेल झाल्यासारखंच दिसतं, आणि इथेच सगळा घोळ आहे. पेमेंटच्या तीन अवस्था असतात: झालं, नाही झालं आणि माहीत नाही. गाडी पुलावर चढली आहे, धुक्यात दिसत नाही, म्हणून कोणी मागून दुसरी गाडी सोडत नाही. चांगला राउटर इथे थांबतो. तोच ऑर्डर क्रमांक घेऊन पहिल्या गेटवेला दर काही सेकंदांनी विचारत राहतो, 'याचं काय झालं?' नक्की 'नाही' असं उत्तर आलं तरच दुसऱ्या गेटवेचा रस्ता उघडतो, आणि तेव्हाही तुम्हाला नव्याने ओटीपी द्यावा लागतो. पहिल्याकडून उशिराने 'झालं' आलं आणि मधल्या काळात दुसऱ्यातूनही पैसे आले असतील, तर दोन्ही प्रयत्न एकाच ऑर्डरखाली असल्यामुळे एक जास्तीचा आहे हे यंत्रणेला कळतं आणि तो परत पाठवता येतो.

सगळे राउटर इतके चांगले नसतात. 'माहीत नाही' म्हणजेच 'नाही झालं' असं धरून घाईने पुढे जाणारा कोड मी पाहिलाय. सुरुवातीच्या वर्षी अशी चूक मीही केलीय आणि एका गिऱ्हाइकाला पैसे परत करायला दोन दिवस धावपळ केलीय. त्यामुळे दोनदा पैसे जाणं अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. पण तेही तुमच्या दुसऱ्या ओटीपीशिवाय होत नाही, आणि ते ओळखायची खूण तुमच्या हातात आहे. एक ओटीपी टाकून झाल्यावर त्याच रकमेचा दुसरा ओटीपी मागितला, तर समजा की दुसरा प्रयत्न सुरू झालाय. तो टाकण्याआधी फोनवर पहिले पैसे वजा झाल्याचा एसएमएस आलाय का ते बघा. आला असेल तर दुसरा ओटीपी टाकू नका. एसएमएस उशिरा येऊ शकतो, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये शिल्लकही बघा.

आता पान बंद करण्याचा सल्ला. संपूर्ण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. तुमच्या फोनवरचं पान या व्यवहारात फक्त बघ्याच्या जागी असतं. ओटीपी गेल्यानंतरचं बोलणं गेटवे, बँक आणि दुकान यांच्या सर्व्हरमध्ये चालतं. पान बंद केल्याने त्यातलं काहीही रद्द होत नाही. मात्र नव्याने तिकीट काढायला घेतलं की नवा ऑर्डर क्रमांक तयार होतो, आणि मघाशी सांगितलेलं ते एका ऑर्डरखाली दोन प्रयत्न धरण्याचं संरक्षण तुटतं. यंत्रणेच्या लेखी आत्या ही एकाच रात्री चार सीटा घेणारी प्रवासी होती. ५ आणि ६ घेतलेल्या दिसत होत्या त्या तिनेच अडवलेल्या होत्या, हे तिला कळायचा काही मार्ग नव्हता.

आणि म्हणूनच तिला पैसे आपोआप परत मिळाले नाहीत. दोन्ही ऑर्डर यशस्वी. पहिलं तिकीट रद्द करावं लागलं, २० टक्के रद्द शुल्क गेलं, २,६०० चे २,०८० परत आले. चक्राकडे बघत दोन मिनिटं बसली असती तर एकही रुपया गेला नसता.

मुद्दाम फेल करण्याबद्दल फार लिहीत नाही. गेटवेचं कमिशन झालेल्या व्यवहाराच्या रकमेवर असतं, फेल झालेल्यावर टक्का मिळत नाही. पहिल्या गेटवेने मुद्दाम फेल केलं तर कमाई दुसऱ्याची होते.

पहिले पैसे परत येत नाहीत, हे मात्र साफ खोटं आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, फेल झालेल्या व्यवहारांच्या मुदती आणि भरपाई ठरवणारं. साइटवर कार्डाने पैसे भरले, खात्यातून गेले, पण दुकानाकडे पक्कं झाल्याचं पोचलं नाही, तर व्यवहाराच्या तारखेनंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप खात्यात यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही तुमच्या तक्रारीची वाट न बघता. दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या पैशांनाही हेच लागू आहे. दिवस कॅलेंडरचे मोजायचे. १ तारखेला पैसे गेले तर ६ पर्यंत यायला हवेत. ९ ला आले तर ३०० रुपये वर मिळायला हवेत. हे संरक्षण फेल झालेल्या व्यवहाराला आहे. तुम्ही स्वतः पुरी केलेली दुसरी ऑर्डर त्यात बसत नाही, आत्याची बसली नाही.

तेव्हा चक्र फिरत राहिलं तर ऑर्डर क्रमांक दिसत असल्यास त्याचा फोटो काढा आणि थांबा. काही मिनिटांत पान पुढे सरकलं नाही तर त्याच साइटवर 'माझी बुकिंग' उघडून बघा, ईमेल बघा, बँकेचं ॲप बघा. पैसे गेलेत आणि तिकीट नाही असं असेल, तर त्याच वस्तूसाठी लगेच पुन्हा पैसे भरू नका. दुकानाला ऑर्डर क्रमांक कळवा आणि त्या व्यवहाराचा आरआरएन मागा. तो बँकेच्या व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक असतो, त्यावरून बँकेला पैसे कुठे अडकले ते शोधता येतं. दोन गेटवेंतून प्रयत्न झाले असतील तर दोन्हींचा तपशील मागा. पाच दिवसांनंतरही काही नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आत्याने काल तो मेसेज ग्रुपवरून काढला आणि खाली स्वतःच्या दोन तिकिटांचे फोटो टाकले. मंडळातल्या आणखी एका काकींनी त्याच आठवड्यात विजेचं बिल असंच दोनदा भरलंय म्हणे. त्यांच्या पावत्या मी उद्या बघणार आहे.