खिळ्याचं कलम

करार संपायला दोन महिने उरले की मी फार सज्जन होतो. जिन्यात घरमालक दिसले की त्यांच्या हातातली पिशवी घेतो, गुडघ्याची चौकशी करतो. काकांनाही ते कळतं. गेल्या वर्षीही त्यांचा गुडघा मला याच सुमारास आठवला होता.

दोन महिने आधी बोलायचं, हे मी हात पोळून शिकलोय. शेवटच्या आठवड्यात गेलं, तर दुसरं घर शोधायला आपल्याकडे वेळच नसतो, आणि ते त्यांना आपल्या चेहऱ्यावर दिसतं.

"काका, ५ टक्के वाढ मी आपणहून देतो."

"बाजारात १० चाललंय."

घरमालकांचा हा बाजार कुठे भरतो, देव जाणे. तिथे काही स्वस्त झाल्याचं ऐकिवात नाही.

मी वही काढली. समजा, १० टक्के वाढवून देणारा मिळाला. पण मी जाणार, रंग लागणार, माणसं घर बघून 'कळवतो' म्हणणार. यात घर १७ दिवस रिकामं राहिलं, की वर्षभराची रक्कम माझ्या ५ टक्क्यांएवढीच होते. रंगाचा खर्च वेगळाच. काकांनी चष्मा लावून हिशेब स्वतः केला.

"साडेसोळा दिवस येतात."

"अर्ध्या दिवसाचा भाडेकरू कुठून आणणार, काका?"

६ टक्क्यांवर मिटलं. वाढ फक्त भाड्यावर, मेंटेनन्सवर नाही, हेही त्यांनी मान्य केलं. गाडी अडली ती पुढच्या कलमावर. मी लिहिलं होतं, 'नेहमीच्या वापराने झालेली झीज डिपॉझिटमधून कापू नये.'

"झीज म्हणजे काय?" आतून काकूंचा आवाज आला. "बेसिनला तडा गेला, ती झीज?"

"नाही काकू, ते नुकसान. ते मी भरणार. भिंतीचा रंग उन्हाने विटला, ती झीज."

"आणि खिळा?"

मी गप्प. वर्षानुवर्षं लोक करार करतायत, पण खिळा झीज की नुकसान, यावर अजून कुणाचं एकमत झालेलं नाही. काकांच्या मते खिळा हा भिंतीवरचा हल्ला. माझ्या मते घड्याळ जमिनीवर ठेवून वेळ बघणं हा माझ्या मानेवरचा.

अर्ध्या तासाने करारात एक ओळ वाढली. हॉलमध्ये दोन खिळे चालतील, तिसऱ्यासाठी लेखी परवानगी. शिवाय वाद नको म्हणून प्रत्येक खोलीचे तारखेसकट फोटो काढून करारालाच जोडायचे. ही सूचना माझीच. भिंत आधी कशी होती याचा पुरावा असला, की घर सोडताना डिपॉझिटवर भांडण होत नाही, असं मी मोठ्या ऐटीत समजावलं.

"वा! मग उद्याच सकाळी येतो फोटो काढायला," काका म्हणाले.

आता रात्रीचे दीड वाजलेत. हॉलमधल्या सातपैकी पाच खिळे मी उपटलेत आणि भोकं टूथपेस्टने बुजवतोय. पेस्ट निळी निघाली.