कर्ज-भांडवल प्रमाण चांगलं, तरी कर्ज नामंजूर का?

वाचकाची प्रतिक्रिया: "दादा, डेट-इक्विटी 2 च्या आत असली की बँक खूश, असं तुम्ही लिहिलं. वणीजवळ आमचं जिनिंग आहे. भांडवल 1 कोटी, कर्ज 1.20 कोटी. तरी 60 लाखांचं नवं कर्ज नाकारलं. तुमचं गणित पुस्तकी आहे."

भाऊ, त्या एका आकड्यावर मी थांबायला नको होतं. तुम्ही पाठवलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक शेजारी ठेवून बसलो. तुमच्या परवानगीनं इथे लिहितो.

ताळेबंद 31 मार्चचा, म्हणजे एका दिवसाचा. दिवाळीनंतर कापूस येतो, सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खात्यातली उचल वाढत जाते. मार्चपर्यंत गाठी आणि सरकी बरीचशी विकली जाते आणि उचल खाली येते. तुमचे 1.20 कोटी हे त्या दिवशीचे.

व्याज मात्र वर्षभराचं असतं. तुम्ही 22 लाख भरलं, दर 11 टक्के. कर्ज तपासणारा अधिकारी सरळ उलटा भागाकार करतो: 22 लाखांना 11 टक्क्यांनी भागलं की 2 कोटी. म्हणजे वर्षभरात सरासरी एवढं कर्ज डोक्यावर होतं. मीही कर्ज विभागात असताना सगळ्यात आधी हेच करायचो.

मग तो भांडवलाकडे वळतो. तुमच्या 1 कोटीतले 25 लाख मेहुण्याच्या धंद्याला उसने दिलेत. ते जिनिंगमध्ये नाहीतच, म्हणून वजा. उरले 75 लाख. 2 कोटी भागिले 75 लाख, प्रमाण झालं जवळपास 2.7.

खरी अडचण पुढे आहे. व्याज आणि कर भरण्याआधीचा नफा 29 लाख, व्याज 22 लाख. इंटरेस्ट कव्हरेज 1.3. सरकीचा भाव पडला आणि नफा वीस टक्क्यांनी घटला तर उरतात 23.20 लाख, व्याज कसंबसं निघतं. त्यावर 60 लाखांचं नवं कर्ज म्हणजे वर्षाला आणखी 6.60 लाख व्याज. एकूण 28.60 लाख, नफा 29. मुद्दलाचे हप्ते तर यात धरलेलेच नाहीत. नव्या यंत्रानं नफा वाढेल हे तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण ते प्रोजेक्शनमध्ये आहे आणि अधिकारी त्यातला बराच भाग कापूनच धरतो. काही बँका घसारा मिळवून नफा मोजतात, तेव्हा कव्हरेज जरा बरं दिसतं. तुमच्या शाखेत कसं मोजतात, ते आधी विचारून घ्या.

आता मेहुण्याकडचे 25 लाख परत आणा आणि थेट सीसीत भरा. भांडवल पुन्हा 1 कोटी धरलं जाईल, व्याजही वर्षाला पावणेतीन लाखांनी कमी होईल. वडिलांनी दिलेली बिनतारण रक्कम बँकेचं कर्ज फिटेपर्यंत काढणार नाही, असं हमीपत्र दिलं तर बऱ्याच बँका तिला भांडवलासारखी धरतात. आणि अर्ज 60 ऐवजी 35 लाखांचा करा, निदान एक हंगाम.