डिलिव्हरी नाकारलेल्या गाडीबद्दल शोरूमच्या मालकाचं उत्तर

"पाडव्याला नवी गाडी घ्यायला गेले. मागच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा, पुढच्या फेंडरवर पॉलिश मारल्यासारखे डाग. आधी कुणी काही बोललं नाही. विचारल्यावर सेल्सचा मुलगा म्हणाला, 'कोटिंग केलं की जाईल.' मी डिलिव्हरी घेतली नाही. पूर्ण पैसे भरलेत, दुरुस्त करून नको, दुसरी गाडी द्या."

नमस्कार मॅडम,

मी या शोरूमचा मालक. तुम्ही गाडी ताब्यात घेतली नाहीत, हे बरोबर केलंत.

काल ती गाडी उन्हात लावून मी स्वतः पाहिली. दारावरच्या रेघेवरून नख फिरवलं की अडकतं. ओरखडा वरच्या क्लिअर कोटपुरता असेल तर नख सहसा अडकत नाही आणि तो पॉलिशने जातो. इथे तो खालच्या रंगापर्यंत गेलाय, म्हणजे दार रंगवावंच लागेल. कोटिंगने तो गेला नसता. आमच्या मुलाने तुम्हाला चुकीचं सांगितलं.

फेंडरची गोष्ट तुम्हाला वाटली त्याहून वाईट आहे. रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं, तर छतावर आणि बॉनेटवर 110 ते 120 मायक्रॉन, फेंडरवर मात्र 240. तो पॉलिशचा डाग नव्हे, फेंडर आमच्याच वर्कशॉपमध्ये पुन्हा रंगवलाय. ट्रेलरवरून गाडी उतरली त्या दिवशीच्या यार्डच्या नोंदीत दोन्ही जखमा लिहिलेल्या आहेत. ती नोंद सेल्सपर्यंत पोचली, पण तुमच्यापर्यंत कुणी पोचवली नाही. ही लपवाछपवीच आहे आणि तिची जबाबदारी माझी. मनापासून माफी मागतो.

गाडीची आरटीओ नोंदणी अजून झालेली नाही, हे फार बरं झालं. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला असता, तर रस्ता कर आणि नोंदणी रद्द करण्यात बराच काळ गेला असता. आता जुनं बिल रद्द करून नव्या चेसिस नंबरचं बिल होईल. विमा आणि बँकेच्या कागदांवरचा नंबर आमची माणसं बदलून घेतील, त्याचा खर्च तुमच्यावर नाही.

त्याच रंगाची, त्याच मॉडेलची गाडी यार्डात आहे. चेसिस नंबर आणि निर्मितीचा महिना आज तुम्हाला फोनवर कळवतो. पण बिल आधी करणार नाही. शनिवारी सकाळी अकराला या, संध्याकाळी नको, यार्डातल्या दिव्यांखाली बारीक रेघा दिसत नाहीत. मीटर तुमच्याच हातात देतो. फक्त बंपर नखाने आणि नजरेने तपासा, ते प्लॅस्टिकचे असल्याने हे मीटर तिथे चालत नाही. मनासारखी वाटली नाही तर भरलेले सगळे पैसे परत.

पहिली गाडी झालेलं काम बिलावर लिहून, कमी किमतीतच विकली जाईल.

पाडव्याचा मुहूर्त मात्र मला परत देता येणार नाही, त्याचं वाईट वाटतं. शनिवारी मी स्वतः यार्डात असेन.