बिलावरचं नाव आणि कॅलिफोर्नियाचा हिशेब

"पुण्यात रीसेलचा फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाली. रजिस्ट्रेशन झालं, सोसायटीत नाव लागलं, पण मिळकतकराचं बिल अजून आधीच्या मालकाच्या नावानं येतं आणि क्षेत्रफळही जास्त दाखवलंय. पैसे मीच भरतो. अर्ज कसा करायचा? आणि अमेरिकेत सगळं आपोआप होतं, तसं आपल्याकडे का होत नाही?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर कळलं की अर्ज कसा लिहायचा तेही कळतं.

मी राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एका तरुणानं ठासून सांगितलं, "कॅलिफोर्नियात काही करावं लागत नाही. डीड नोंदवलं की झालं." त्याचं अर्धंच बरोबर आहे. डीडबरोबर, म्हणजे खरेदीखताबरोबर, मालकीबदलाचा एक फॉर्म द्यावा लागतो. तो जोडला नाही, तर नोंदणीच्या वेळी वीस डॉलर जास्त घेतले जाऊ शकतात आणि मागाहून काउंटीकडून, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडून, वेगळं पत्र येतं. म्हणजे अर्ज आहेच. फक्त तो घर घेतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात असतो, व्यवहार पुरा करून देणारे एस्क्रोवाले पुढे सरकवतात, आपण सही करतो आणि विसरून जातो.

पण काउंटीला एवढी घाई का असते? 1978 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉपोझिशन 13 या घटनादुरुस्तीपासून इथं घराचं करासाठीचं मूल्य वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढतं. घर विकलं गेलं की ते एकदम बाजारभावावर येतं. मालक बदलला की तिजोरीत भर पडते, म्हणून मालकीबदलावर काउंटीचा डोळा असतो. नव्या मालकाला मधल्या महिन्यांच्या फरकाचं पुरवणी बिल येतं, तेव्हा तोच "आपोआप"वाला तरुण वैतागतो.

पुण्यात कर ठरतो तो क्षेत्रफळ, वापर आणि भाड्याच्या धरलेल्या दरावर. फ्लॅट साठ लाखांना विकला काय नि नव्वद लाखांना, तेवढ्यानं कर हलत नाही. नाव बदलून महापालिकेला करात एक रुपयाही जास्त मिळत नाही. पैसे येतायत ना, मग नाव कुणाचं का असेना! हे टेबलावर कुणी बोलून दाखवत नाही, पण फाइल त्याच वेगानं चालते. म्हणून "आपोआप करा" ही मागणी मला अपुरी वाटते. कॅलिफोर्नियातल्या डीडवर प्लॉटचा करखात्याचा क्रमांक असतो. आपल्या करारनाम्यात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा सगळं असतं आणि मिळकत क्रमांक मात्र बऱ्याचदा नसतो. दोन संगणक जोडले, तरी कुठली नोंद कुठल्या खात्याला लावायची हे त्यांना कसं कळणार? सातबाऱ्याच्या ई-फेरफाराला निदान गट नंबरचा आधार असतो.

आता अर्ज. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कराधान नियमांत विकणारा आणि घेणारा, दोघांनीही नोंदणीपासून तीन महिन्यांत हस्तांतरणाची लेखी सूचना द्यायची आहे. ती दिली नाही, तर विकणाऱ्याची कराची जबाबदारी चालूच राहते. हे त्याला सांगितलंत, तर सही करायला तो स्वतःहून येईल. तीन महिने उलटले म्हणून नोंद होत नाही असं नाही, अर्ज आजही करता येतो.

बैठकीत पुण्याच्या करखात्यातून निवृत्त झालेले एक काका होते, मुलीकडे आलेले. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "नावाचा अर्ज आणि क्षेत्रफळाचा अर्ज एका कागदावर देऊ नका हो. तिथंच गाडं अडतं." नाव लावणं म्हणजे दस्त पाहून केलेली नोंद. क्षेत्रफळ किंवा वापर बदलणं म्हणजे आकारणीच बदलणं, त्याला जागेवर येऊन मोजणी लागते. दोन्ही एकत्र दिलंत, की नावाची फाइलही मोजणीच्या रांगेत जाऊन बसते.

नावाच्या अर्जासोबत नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक 2, चालू वर्षापर्यंतच्या कराची पावती, सोसायटीचं पत्र आणि ओळखपत्र जोडायचं. थकबाकी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. ती आधीच्या मालकाच्या काळातली असली, तरी कराचा बोजा कायद्यानं मिळकतीवरच असतो, आणि उशिराला महिन्याला 2 टक्के शास्ती चढते. तेव्हा आधी ऑनलाइन खातं उघडून बाकी शून्य आहे का ते पाहा.

खरी फाइल अडते ती दोन ठिकाणी. पहिलं, मधली कडी. बिलावर बिल्डरचं नाव आणि तुम्हाला विकणारा दुसराच, असं पुष्कळदा असतं. त्यानं स्वतःचं नाव कधी लावूनच घेतलं नव्हतं. मग बिल्डर ते पहिला खरेदीदार आणि पहिला खरेदीदार ते तुम्ही, असे दोन्ही दस्त जोडावे लागतात. पहिला दस्त आधीच्या मालकाकडून खरेदीच्या वेळीच मागून घ्यायला हवा होता. आता मिळत नसेल, तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत काढता येते.

दुसरं, फ्लॅटचा क्रमांक. काका म्हणाले, "आमच्याकडे आकारणी होते तेव्हा दारावर पाट्यासुद्धा लागलेल्या नसतात. रजिस्टरला सदनिका क्रमांक 10, तुमच्या दस्तात ए-302. तुम्ही भांडता, आणि कारकुनाच्या दृष्टीनं ती दोन वेगळी घरं." यावर सोसायटीचं साधं पत्र पुरतं: ए-302 आणि नोंदीतली सदनिका 10 एकच आहे, त्यावर मिळकत क्रमांक, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आणि शिक्का.

मजकूर एवढाच ठेवा:

"प्रति, कर आकारणी व कर संकलन विभाग. विषय: मिळकत क्र. ______ वर दस्ताआधारे खरेदीदारांची नावे लावणेबाबत. वरील मिळकत आम्ही दस्त क्र. ______, दि. ______ अन्वये श्री. ______ यांच्याकडून खरेदी केली आहे. दस्तातील सर्व खरेदीदारांची नावे, दस्तातील क्रमाने व सोबत दिलेल्या मराठी लेखनाप्रमाणे लावावीत. चालू वर्षाचा कर भरलेला आहे. हस्तांतरणाच्या नोंदीचा उतारा मिळावा."

"सर्व" आणि "मराठी लेखनाप्रमाणे" हे शब्द गाळू नका. पती-पत्नीच्या नावे दस्त असताना एकच नाव लागून पुढे "व इतर" पडतं. आणि इंग्रजी स्पेलिंगवरून 'साठे'चा 'साथे' व्हायला वेळ लागत नाही. मग त्या दुरुस्तीचा आणखी एक अर्ज.

आता क्षेत्रफळ. प्रश्नकर्त्याच्या करारात चटई क्षेत्र 56.9 चौरस मीटर आहे, नोंदीत 735 चौरस फूट. 56.9 ला 10.764 नं गुणलं की साधारण 612 येतात, म्हणजे 123 फूट जास्त लावले असं वाटणारच. पण 612 ला 1.2 नं गुणून बघा: जवळजवळ बरोबर 735. चटई क्षेत्रावरून बांधीव क्षेत्र काढायचा हा जुना गुणक. म्हणजे चूक मोजणीत नसून आपण दोन वेगळी मापं शेजारी ठेवतोय, असा दाट संशय येतो. दुरुस्ती मागण्याआधी आकारणीचा उतारा काढून नोंद कुठल्या मापाची आहे ते विचारा. फेरमोजणीला बोलावलंत आणि झाकलेली बाल्कनी सापडली, तर आकडा वरही जाऊ शकतो.

पैशाच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुण्याची स्वतः राहणाऱ्यांसाठीची 40 टक्के सवलत. ती मधल्या काळात काढली गेली आणि 2023 मध्ये राज्य सरकारनं परत दिली. त्यासाठी पीटी-3 हा वेगळा फॉर्म आहे. नाव लागलं म्हणजे सवलत लागली असं होत नाही. फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर ती मिळणार नाही, हे उघड आहे. पण बंद ठेवलेला, वर्षातून महिनाभर आपण जाऊन राहतो तो? यावरून बैठकीत बरीच जुंपली. काका म्हणाले, वीजबिल बघून ठरवतील. तरुणाचं म्हणणं, भाडं घेत नाही म्हणजे स्वतःचाच वापर. मला काकांचं पटतं, पण मोहर लावण्याइतकी खात्री माझी नाही.

एवढ्यात एका ताईंनी विचारलं, "मग मीपण हाच अर्ज देऊ ना? फ्लॅट ह्यांच्या नावावर होता, नॉमिनी मीच आहे." नाही. वारसाहक्कानं नोंद ही वेगळी सेवा, तिला मृत्यू दाखला आणि वारसांचे कागद लागतात. नॉमिनी असणं म्हणजे मालक असणं नव्हे, आणि मुलांची संमती आधी घेतलेली बरी. त्या म्हणाल्या, "सोसायटीनं तर शेअर सर्टिफिकेटवर नाव लावलं!" ते सोसायटीपुरतं. खरं तर करनोंदीतलं नावही मालकी सिद्ध करत नाही, सर्वोच्च न्यायालयानं हे अनेकदा सांगितलंय. मालकी दस्तानं ठरते. पण उद्या फ्लॅट विकताना घेणाऱ्याची बँक करपावती मागते, तेव्हा त्यावर तिसऱ्याच माणसाचं नाव असलेलं कुणालाच आवडत नाही.

परदेशातून हे करायचं तर भाऊ किंवा बहीण अर्ज देऊ शकतात, अधिकारपत्र जोडून. काही टेबलांवर मुखत्यारपत्रच मागतात. ते इथं नोटरी आणि अपोस्टिल करून पाठवलं, तर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे विसरल्यानं बरीच मुखत्यारपत्रं पडून राहतात. आणि नाव लावण्यापुरत्या कामाला विक्रीचे अधिकार असलेलं मुखत्यारपत्र देऊ नका, नातं कितीही जवळचं असो. खात्याला भारतातला चालू मोबाइल नंबर जोडा, म्हणजे बिलाचा निरोप पोचेल. बिल मिळालं नाही हे कारण पुण्यात चालत नाही, तसं कॅलिफोर्नियातही नाही. इथं 10 डिसेंबर चुकली की सरळ 10 टक्के दंड.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्या. दस्ताआधारे हस्तांतरण नोंद ही लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवा आहे. मुदत आणि अपील कुणाकडे, हे कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं. मुदत उलटली तर त्या पोचेच्या जोरावर पहिलं अपील करता येतं. "लवकर करा" असं सांगायला भावाला चौथ्यांदा पिटाळण्यापेक्षा ते बरं. नोंद झाली की उतारा हातात घ्या. छापील बिलावरचं नाव पुढची बिलं निघतील तेव्हाच बदलेल. तोवर जुन्या नावाचं बिल आलं, तर तेही भरून टाका, नव्या नावाची वाट बघत बसलात तर शास्ती लागेल.