प्रतिक्रियेला उत्तर : सातबारावर एकट्याचं नाव, म्हणजे जमीन एकट्याची?

वाचकाची प्रतिक्रिया : «तुम्ही लिहिता, सातबारावर नाव असलं म्हणजे मालक ठरत नाही. मग सरकार नाव छापतं कशाला? आमच्या आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव लागलं होतं, आता त्यांच्या मुलांचं लागलंय. आजोबांचं कधीच नव्हतं. मी 8अ काढून पाहिला, त्यातही आमची वाडीतली जमीन नाही. म्हणजे विषय संपला. उगाच लोकांना आशा लावू नका. आणि गट नंबर गट नंबर काय करता, आमच्या गुहागरात सातबाऱ्यावर गट नंबरच नाही.»

नमस्कार.

गट नंबरचं आधी उरकतो. ज्या गावात एकत्रीकरण योजना झाली, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोकणात पुष्कळ गावांत ती झालीच नाही, म्हणून तिथे आजही सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतो. तुमचं गाव त्यातलं. सर्व्हे 45 हिस्सा 3 असं असेल तर ते तसंच लिहायचं, हिस्सा गाळायचा नाही. हिस्सा 3 तुमचा आणि हिस्सा 4 शेजाऱ्याचा, एवढा फरक त्या एका आकड्यात असतो.

आता नावाचं. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद खरी समजली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. सर्वोच्च न्यायालयानेही वारंवार सांगितलंय की महसुली नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. म्हणजे ती नोंद पुरावा आहे, निकाल नाही. तुमच्या बाबतीत तर विरुद्ध पुरावा तुमच्याच गावच्या दप्तरात असण्याची शक्यता आहे. तो कुठे शोधायचा ते एका उदाहरणावर सांगतो. नावं काल्पनिक आहेत, पण कोकणातल्या दप्तरात हा प्रकार पावलोपावली दिसतो.

समजा सर्व्हे 45 हिस्सा 3, क्षेत्र 0.38.50, म्हणजे 38 आर 50 चौरस मीटर, गुंठ्यांत बोलायचं तर साधारण 38. मूळ नाव शंकर. त्याला मुलगे तीन : विष्णू, गोविंद, दत्ताराम. गोविंद आणि दत्ताराम मुंबईला गिरणीत, विष्णू गावी. शंकर 1962 साली वारला. विष्णूने वारसाची वर्दी दिली, तलाठ्याने फेरफार घातला आणि सातबाऱ्यावर नाव आलं : «विष्णू शंकर, ए.कु.मॅ.». ही तीन अक्षरं म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही ठिकाणी ए.कु.क., म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, असंही लिहिलेलं सापडतं. विष्णूचं नाव लागलं ते कुटुंबाच्या वतीने. बाकीच्या दोघांची नावं तेव्हा लागली नाहीत, कारण ती लावायची गरज कुणाला वाटली नाही. सारा भरायला आणि सरकारदरबारी बोलायला एक माणूस पुरत होता.

मग 1989 साली विष्णू वारला. त्याच्या मुलांनी वर्दी दिली, आणि इथे घोटाळा झाला. विष्णू हा मॅनेजर होता हे कुणी पाहिलं नाही. फक्त विष्णूची बायको आणि मुलगे वारस म्हणून चढले. गोविंद आणि दत्ताराम यांच्या शाखा कागदावरून गळाल्या. कुणी खोटं केलं असेलच असं नाही, वर्दीत विष्णूचे वारस विचारले, तेवढेच सांगितले. पुढे संगणकीकरण झालं, काही सातबाऱ्यांवरून ए.कु.मॅ. ही अक्षरंही गेली, आणि तुमच्यासारखा नातू पाहतो तो आजोबांचं नाव कधीच नव्हतं म्हणतो.

तेव्हा आजचा सातबारा बघून थांबू नका. नावापुढे फेरफार नंबर असतो, तो धरून मागे जा. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर तोच नंबर वर्तुळात सापडतो. आजच्या नावांचा फेरफार काढा, त्यात विष्णूचं नाव कुठल्या फेरफाराने आलं त्याचा माग लावा, आणि शंकरच्या मृत्यूचा फेरफार काढा. त्यात तिन्ही मुलगे वारस लिहिलेले असतील आणि खाली विष्णूचं नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल करण्याचा उल्लेख असेल, तर तुमच्या हातात चांगला कागद आला. सातबाऱ्यात फक्त शेवट दिसतो, वारस कोण आणि नाव कशासाठी लावलं हे फेरफारात असतं.

8अचं तुमचं वाचन मला पटत नाही. खातं माणसाचं नसतं, नावांच्या संचाचं असतं. तुमचं एकट्याचं खातं वेगळं, तुम्ही आणि चुलतभाऊ मिळून सामाईक खातं वेगळं, आणि चुलता, आत्या, तुम्ही असे मिळून आणखी एक वेगळं. एका माणसाचं नाव एकाच गावात तीन-चार खात्यांत असू शकतं. 8अ हा एका गावातल्या एका खात्याचा उतारा आहे. तुम्ही स्वतःच्या घेतलेल्या जागेचं खातं काढलं असणार. भुलेखच्या संकेतस्थळावर (bhulekh.mahabhumi.gov.in) नावाने शोधून येणारं प्रत्येक खातं पाहा, आणि सर्व्हे 45 वर जे खातं लागलंय त्याचाही 8अ काढा. तिथे आजोबांच्या भावाची मुलं एका सामाईक खात्यात दिसतील, तुम्ही नसाल. पण त्यावरून तुमचा हिस्सा नाही असं निघत नाही, तुमचं नाव लागलेलं नाही एवढंच निघतं.

पुढचा रस्ता काय चुकलंय त्यावर ठरतो. हस्तलिखितात ए.कु.मॅ. आहे आणि संगणकावर गळलं, तर ती लेखनचूक, तहसीलदाराकडे कलम 155 खाली दुरुस्ती मागायची. विष्णूचीच नोंद चालू आहे आणि ए.कु.मॅ. काढून सगळ्या वारसांची नावं लावायची आहेत, तर तलाठ्याकडे (आता पद ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात) अर्ज, वंशावळ आणि मृत्यूचे दाखले. सर्व हिस्सेदारांना नोटीस जाते, 15 दिवसांची मुदत असते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. ही नोंद ई-हक्क प्रणालीवरूनही मागता येते.

पण तुमच्याकडे 1989 सारखा फेरफार होऊन गेलाय. प्रमाणित झालेला फेरफार तलाठी किंवा सर्कल मोडू शकत नाही, कितीही ओळखीचा असो. त्याविरुद्ध प्रांताकडे कलम 247 खाली अपील करावं लागतं. मुदत 60 दिवसांची, म्हणजे इतक्या वर्षांचा उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागेल, आणि उशिराचं कारण पटवणं हीच तुमची खरी लढाई. भाऊबंद हिस्साच नाकारत असतील, तर प्रांतही हिस्सा ठरवणार नाही. तो प्रश्न दिवाणी कोर्टाचा.

दुसरी बाजूही ऐकून घ्या. तुमच्या आजोबांनी पूर्वी वाटप करून दुसरी जमीन घेतली असेल, हक्कसोड दिला असेल, तर ए.कु.मॅ. असूनही तुमचं काही निघणार नाही. आणि निघालंच तर शंकरच्या मुलींच्या शाखांचाही विचार करावा लागेल, नाहीतर उद्या आतेभावंडं तुमच्यावर हरकत घेतील.

फेरफाराची नक्कल मागताना अर्जात शेरा आणि प्रमाणन आदेशासह संपूर्ण नोंद मागा. नुसती वरची ओळ मिळाली तर परत करा. वर्दी आणि जबाब दप्तरात असतील तर त्यांचीही नक्कल घ्या, जुन्या कागदात कधी कधी तिथेच लिहिलेलं असतं की बाकीचे भाऊ मुंबईस आहेत.